एकाच कॉइलचे दोन आकडे

अगं, कॉस्टिंगच्या खुर्चीत बसलीस की पहिल्याच महिन्यात तो तक्ता तुझ्या हातात येणार. वरच्या ओळीत मटेरिअल प्राइस व्हेरिअन्स, फेवरेबल. खालच्या ओळीत मटेरिअल यूसेज व्हेरिअन्स, ॲडव्हर्स. मीटिंगमध्ये सगळ्यांच्या नजरा प्रॉडक्शन मॅनेजरकडे वळतील. परचेसने पैसे वाचवले आणि शॉपने घालवले, असा निकाल पाच मिनिटांत लागेल आणि तो तुझ्याच तक्त्याच्या आधाराने लागेल. म्हणून हे तुला आधीच सांगून ठेवते. ते दोन आकडे दोन खात्यांच्या नावावर लिहिलेले असले, तरी पुष्कळदा एकाच कॉइलमधून निघालेले असतात. ती कॉइल बघितल्याशिवाय कोणाच्याही नावापुढे काही लिहू नकोस.

एक उदाहरण घेऊन बसू. भोसरी-चाकण पट्ट्यातलं एखादं प्रेस शॉप डोळ्यांपुढे आण. गाडीचा एक ब्रॅकेट बनतो, १.२ मिमी जाडीच्या सीआर पत्र्यातून. आकडे मी समजायला सोपे पडतील असे घेतले आहेत, पण गणित अगदी खऱ्यासारखंच चालतं. पट्टी २०० मिमी रुंद, एका नगासाठी ती २६५ मिमी पुढे सरकते. लांबी, रुंदी, जाडी आणि पोलादाची घनता ७.८५, यांचा गुणाकार केलास की नगामागे जवळजवळ ५०० ग्रॅम पत्रा लागतो. हे झालं ग्रॉस वजन. तयार नग ४०० ग्रॅमचा, उरलेले १०० ग्रॅम भंगारात. एप्रिलमध्ये स्टँडर्ड ठरवताना पत्र्याचा दर ७० रुपये किलो धरला, म्हणजे नगामागे ३५ रुपयांचा पत्रा.

आता महिना संपला. चांगले नग निघाले ४०,०००. परचेसने २४,००० किलो कॉइल घेतली, ६८ रुपये दराने. शॉपमध्ये खर्च झाली २१,२०० किलो. २,८०० किलो स्टोअरमध्ये शिल्लक आहे.

दराचा फरक काढताना किलोमागे वाचलेले २ रुपये खरेदी केलेल्या २४,००० किलोंना लावायचे. ४८,००० रुपये फेवरेबल. वापराचा फरक काढताना प्रत्यक्ष निघालेल्या नगांना किती पत्रा लागायला हवा होता ते आधी बघायचं. ४०,००० नग, अर्धा किलो प्रत्येकी, म्हणजे २०,००० किलो. बजेटमध्ये ४५,००० नग धरले होते की ५०,०००, याच्याशी इथे काही देणंघेणं नाही. नवीन मुलं हमखास बजेटचा आकडा उचलतात आणि कमी नग निघाले म्हणून वापर फेवरेबल दिसायला लागतो. तेवढं मात्र सांभाळ. २०,००० च्या जागी २१,२०० गेले, म्हणजे १,२०० किलो जास्त. त्याला दर लावायचा तो स्टँडर्डचा, ७० रुपये. ८४,००० रुपये ॲडव्हर्स.

इथे स्टँडर्ड दर का लावायचा, हे नीट लक्षात घे, कारण मीटिंगमध्ये कोणीतरी विचारणारच. परचेसने महाग किंवा स्वस्त घेतलं, त्याचा परिणाम शॉपच्या आकड्यावर पडू नये म्हणून. दरातला चढउतार आधीच वरच्या ओळीत बाजूला काढलेला असतो. खालच्या ओळीत फक्त किलोंचा हिशोब राहावा, अशी ती योजना आहे.

योजना चांगली आहे. पण ती पैशांचा चढउतार वेगळा करते, कारणं वेगळी करत नाही. मॅनेजरांचं वाचन चुकतं ते नेमकं इथे.

तक्ता बघून बहुतेक जण पहिली गोष्ट करतात ती म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी. ४८,००० वाचले, ८४,००० गेले, म्हणजे ३६,००० चा तोटा. ही वजाबाकी करू नकोस. वरचा आकडा २४,००० किलोंवरचा आहे आणि खालचा वापरलेल्या २१,२०० किलोंवरचा. या महिन्याच्या नगांचं खरं काय झालं हे बघायचं असेल, तर दराची बचतही वापरलेल्या मालापुरतीच धर. २१,२०० किलोंवर २ रुपये, म्हणजे ४२,४००. त्यातून ८४,००० वजा केलेस की ४१,६०० रुपये ॲडव्हर्स. ताळा बघायचा असेल तर २१,२०० किलो ६८ रुपयांनी १४,४१,६०० होतात आणि ४०,००० नगांचा स्टँडर्ड खर्च १४,००,०००. बरोबर तेवढाच फरक. उरलेले ५,६०० रुपये अजून स्टोअरमधल्या कॉइलवर बसलेले आहेत. त्या कॉइलकडे आपण नंतर येऊ.

मग दराचा फरक खरेदीच्या वेळीच का काढायचा, वापराच्या वेळी का नाही? कारण माल आत आला, जीआरएन झाला, त्याच दिवशी परचेसला कळायला हवं की काय भावाने आलं. दोन महिन्यांनी तो माल वापरला जाईल तेव्हा कळून उपयोग काय? बहुतेक ईआरपीत स्टँडर्ड दर लावलेला असेल तर पावतीच्या वेळीच फरक वेगळ्या खात्यात जातो. ते योग्यच आहे. फक्त दोन्ही ओळींची काळाची चौकट वेगळी आहे हे तू विसरायचं नाहीस.

आता कागद बाजूला ठेव आणि शॉपमध्ये ये. १,२०० किलो जास्त गेले, ते गेले कुठे? पत्रा हवेत विरत नाही. तो तयार नगात असतो, नाही तर भंगारात, नाही तर स्टोअरमध्ये परत न केलेल्या अर्ध्या कॉइलमध्ये. म्हणून पहिलं काम म्हणजे १०० चांगले नग उचलून वजनकाट्यावर ठेवायचे. ४० किलो भरायला हवेत. समज, ४१ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास भरले. म्हणजे नगच जड आहे. मग मायक्रोमीटर मागव आणि पट्टीची जाडी दोन-चार ठिकाणी मोज. १.२० च्या जागी १.२५ मिळाली. अर्ध्या दशांशाचा फरक, डोळ्यांना दिसत नाही, हाताला कळत नाही. टॉलरन्समध्येही बसतो, म्हणून आवक तपासणीत कोणी अडवला नाही. पण जाडी चार टक्क्यांहून जास्त वाढली की वजनही तेवढंच वाढतं. आपण पत्रा घेतो किलोवर आणि विकतो नगावर, सगळी गोम इथे आहे. २६५ मिमीच्या त्याच तुकड्याला आता ५०० ऐवजी साधारण ५२१ ग्रॅम लागतात. डायने काहीही चुकवलं नाही, ऑपरेटरने काहीही वाया घालवलं नाही, तरी ४०,००० नगांमागे ८३० किलो जादा गेले. त्यातले पाचातले चार भाग तर ग्राहकाच्या गाडीत बसून गेले, आपल्याला त्याचा एक रुपया न मिळता.

भाजीवाल्याने मेथीची जुडी स्वस्त दिली आणि घरी निवडताना निम्मी देठं निघाली, तर दोष कोणाला द्यायचा, भाजीवाल्याला की निवडणाऱ्या बाईला? इथे अगदी तेच झालं आहे.

उरलेले ३७० किलो शोधायला रिजेक्शनचं रजिस्टर उघड. ४०० नग बाकाच्या ठिकाणी तडकले म्हणून बाद झाले. ते नगही जाड पत्र्याचेच, म्हणजे सुमारे २१० किलो गेले. का तडकले, ते विचार. याच डायवर आधीच्या कॉइलचे नग तडकत नव्हते का? नसतील, तर त्या कॉइलचं टेस्ट सर्टिफिकेट काढ आणि त्यातली लांबण्याची टक्केवारी आधीच्या कॉइलशी ताडून बघ. कमी दिसली तर पत्रा कडक आहे, वाकताना दम धरत नाही. मग हेही कॉइलचंच आहे. पण आधीच्या कॉइललाही तडे जात असतील, तर डायची त्रिज्या झिजली आहे का, हे टूलरूमला विचारायला हवं. या उदाहरणात आपण कॉइलचं धरू.

आता राहिले १६० किलो. डाय बदलल्यावर सेटिंगला गेलेले तुकडे, कॉइलची टोकं. हे शॉपच्या अखत्यारीतलं. तरी एक प्रश्न विचारायचाच, की महिन्यात डाय किती वेळा चढवली आणि का? ग्राहकाने शेड्यूल चार वेळा फिरवलं असेल, तर सेटिंग सुपरवायझरने वाढवलेलं नाही.

जमवलेलं सगळं बरोबर आहे का, याची एक पक्की कसोटी आहे, ती प्रत्येक वेळी लाव. आत गेलेला पत्रा २१,२०० किलो. चांगल्या नगांच्या रूपाने बाहेर पडला साधारण १६,६७० किलो. म्हणजे भंगार निघायला हवं ४,५३० किलोंच्या आसपास. भंगारवाल्याच्या गाडीच्या काटापावत्या महिन्याच्या हिशोबाने जुळवून बघ. ४,५०० च्या घरात असतील तर तुझी गोष्ट खरी. पावत्यांवर ३,८०० च असतील, तर ७०० किलोंचं काहीतरी वेगळंच चाललं आहे. कदाचित इश्यू स्लिप चुकली असेल, कदाचित भंगार अजून यार्डात पडून असेल, आणि कदाचित त्याहून गंभीर काही. जुळलं नाही तर व्हेरिअन्सवर चर्चा करूच नकोस, आधी वजन जुळव. स्टँडर्डप्रमाणे भंगार ४,००० किलो निघायला हवं होतं, निघालं ५३० जास्त. किलोला ३० रुपये मिळाले तर त्याचे १६,००० परत आले, म्हणजे ४१,६०० मधले खरे गेलेले पैसे २५,६०० च्या घरात. कित्येक ठिकाणी भंगाराची विक्री दुसऱ्याच खात्यात जमा होते आणि शॉपच्या वाट्याला त्याचं श्रेय येतच नाही. ते तू आणून दे.

आता ८४,००० रुपयांची फोड बघ. जाडीमुळे ५८,१००, तडकलेल्या नगांमुळे १४,७००, सेटिंग आणि टोकांमुळे ११,२००. ज्या ओळीवर प्रॉडक्शनचं नाव होतं, त्यातले ७२,८०० रुपये कॉइलसोबत गेटमधून आत आले होते. आणि ज्या ६८ रुपयांच्या दरासाठी वरच्या ओळीत शाबासकी मिळाली, तो दर जाडीच्या हिशोबाने जवळजवळ ७१ रुपयांना पडला. एवढं एक वाक्य प्लँट हेडला सांगितलंस तरी सगळी चर्चा बदलते. किलोचा दर बाजूला ठेवून नगाचा दर बोलायला लागलं, की दोन्ही खाती एकाच आकड्याकडे बघतात.

पण म्हणून आता नजरा परचेसकडे वळवू नकोस. तीही घाईच होईल. परचेस मॅनेजरला वर्षभर एकाच गोष्टीवर मोजलं जातं, ते म्हणजे दर. त्याच्या पीओवर लिहिलेलं असतं १.२ मिमी, एवढंच. पुरवठादाराने १.२५ दिला, तोही टॉलरन्समध्ये. त्याने कोणता नियम मोडला? माझं मत विचारशील तर चूक पीओच्या मजकुरात आहे आणि ज्या मोजपट्टीने परचेसला मोजतात त्या पट्टीत आहे. ऑर्डरवर जाडीची वरची मर्यादा आवळून लिहिता येते. मिल किंवा व्यापारी त्यासाठी थोडा जास्त भाव मागेल, तो नगाच्या हिशोबात परवडतो का ते तूच काढून द्यायचं आहेस. आणि आवक तपासणीत पास-नापास एवढंच न लिहिता मोजलेली जाडीही लिहिली, तर पुढच्या महिन्याचा वापराचा फरक तुला कॉइल आली त्याच दिवशी सांगता येतो.

उलटंही होतं बरं का. पत्रा १.१५ चा आला तर वापराचा फरक फेवरेबल दिसतो आणि शॉपचं कौतुक होतं. ग्राहकाच्या रेखाचित्रात तेवढी सूट असेल तर ठीक. नसेल तर तोच नग दोन महिन्यांनी परत येतो आणि तेव्हा तो खर्च या ओळीत दिसत नाही, दुसऱ्याच कुठल्यातरी खात्यात पडतो. म्हणून फेवरेबल आकडाही तेवढ्याच बारकाईने उकल. तक्त्यात हिरव्या रंगात आला म्हणून सोडून देऊ नकोस.

दराच्या ओळीबद्दल अजून एक. ते २ रुपये खरंच कोणाचे? ७० रुपये एप्रिलमध्ये ठरले. समज, खरेदी झाली त्या महिन्यात बाजारातच तसला पत्रा ६९ ला मिळत होता. मग एक रुपया बाजाराने दिला आणि एकच रुपया परचेसने मिळवला. बाजार ७४ वर गेला असता आणि परचेसने ७२ ला आणला असता, तर तक्त्यात ॲडव्हर्स दिसलं असतं आणि तरी परचेसने चांगलंच काम केलं असतं. पोलादासारख्या चंचल भावाच्या मालात वर्षभर एकच स्टँडर्ड दर ताणत राहिलं, की सहाव्या-सातव्या महिन्यानंतर ती ओळ बाजार वाचते, माणसाचं काम वाचत नाही. म्हणून दराचा फरक दोन तुकड्यांत दाखव. जुन्या स्टँडर्डपासून त्या वेळच्या बाजारभावापर्यंत एक, बाजारभावापासून प्रत्यक्ष दरापर्यंत दुसरा. पहिला तुकडा ग्राहकाशी भाव ठरवणाऱ्यांच्या कामाचा, दुसरा परचेसच्या. आणि साठ्याचं मूल्यांकन स्टँडर्डने करत असाल, तर इंड एएस २ मध्येही अट आहे की स्टँडर्ड प्रत्यक्ष खर्चाच्या जवळ राहिलं पाहिजे, नियमित तपासलं पाहिजे आणि गरज पडेल तसं बदललं पाहिजे. ऑडिटर हे विचारतील, त्याआधी तूच विचार.

वापराच्या ओळीला फसवणारी दोन ठिकाणं तेवढी सांगते, कारण ती तक्त्यात दिसतच नाहीत. पहिलं म्हणजे महिनाअखेर प्रेसजवळ राहिलेली अर्धी कॉइल. इश्यू पूर्ण कॉइलची झालेली असते आणि परतीची स्लिप कोणी बनवलेली नसते. या महिन्यात वापर भयंकर, पुढच्या महिन्यात अचानक सुंदर. लागोपाठच्या दोन महिन्यांत असा खड्डा आणि उंचवटा दिसला, की शॉपच्या कारभाराला नावं ठेवण्याआधी ३१ तारखेला रात्रपाळीला प्रेसजवळ काय उभं होतं ते विचार.

दुसरं ठिकाण त्याहून फसवं आहे. तुमच्याकडे सॅप किंवा तसलं काही असेल आणि बॅकफ्लश चालू असेल, तर नग नोंदवले की यंत्रणा बीओएममधला अर्धा किलो आपणहून स्टोअरमधून वजा करते. प्रत्यक्षात किती गेलं हे कोणी भरतच नाही. मग वापराचा फरक महिनोन् महिने शून्य. सगळे खूश. आणि वर्षअखेर स्टॉक मोजला की दोन-चार टन कमी. तोपर्यंत कोणती कॉइल जाड होती, कोणत्या पाळीत नग तडकले, काही सांगता येत नाही. वापराची ओळ सलग तीन महिने शून्याच्या आसपास दिसली, तर मला त्याचा आनंद होत नाही, काळजी वाटते. बॅकफ्लश ठेवायचा असेल तर ठेवा, पण अशा जड मालाची तरी दर आठवड्याला प्रत्यक्ष मोजणी हवी. आणि ग्राहकाकडून रेखाचित्रात बदल आला, पट्टीची रुंदी बदलली, तर बीओएम त्याच दिवशी बदललं का, हे इंजिनिअरिंगकडून लिहून घे.

मीटिंगच्या आधी एक काम नक्की कर. तक्ता मेलवर पाठवण्याआधी प्रॉडक्शन आणि परचेस या दोघांनाही स्वतः जाऊन भेट, एकाच टेबलाशी, वजनाच्या आणि जाडीच्या नोंदी समोर ठेवून. आकडा सगळ्यांसमोर पहिल्यांदा कळला की माणूस स्वतःला वाचवायच्या मागे लागतो आणि मग तुला कारण कधीच सापडत नाही. शेरा लिहिताना "जास्त वापर झाला" असं लिहू नकोस, ते तर आकड्यातच आहे. लिही, की सरासरी जाडी १.२५, त्यामुळे ८३० किलो. तडे गेलेले ४०० नग, २१० किलो. सेटिंग आणि टोकं, १६० किलो. भंगाराच्या पावत्या जुळल्या. आणि दोन्ही ओळींना मिळून हा एकच शेरा दे.

आणि आता ती स्टोअरमधली २,८०० किलो कॉइल. तीही १.२५ चीच आहे. तिच्यातून ५,६०० नग निघायला हवेत, निघतील ५,३७५ च्या आसपास. म्हणजे पुढच्या महिन्यात ११२ किलो जास्त वापर, साधारण ७,८०० रुपये ॲडव्हर्स, आणि त्याला जोड म्हणून वरच्या ओळीत काहीच नसेल, कारण दराची बचत या महिन्यातच मोजून झाली. तडे गेले तर त्याहून जास्त. हे प्लँट हेडला आजच कळव, प्रॉडक्शनला कॉइलवर खडूने जाडी लिहून ठेवायला सांग, आणि परचेसला विचार की याच पुरवठादाराकडे पुढची ऑर्डर गेली आहे का. गेली असेल तर माल निघायच्या आत त्यांच्याकडून जाडीच्या नोंदी मागवून घे.